गणपतीला गावी नऊ दिवस, रजा फक्त चार : जोडून सुट्टी कशी मोजावी आणि कशी मागावी

नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी बहुतेकांचा एकच गोंधळ होतो. कॅलेंडर बघून हिशेब केलेला असतो दोन रजांचा आणि पगाराच्या चिठ्ठीत कापलेल्या दिसतात पाच. चूक बहुधा दोन ठिकाणी होते : रजा सुट्टीच्या कोणत्या बाजूला टाकली, आणि अर्जात तारखा कशा लिहिल्या. मॅनेजर खडूस असण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या खासगी कंपनीत, शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या ऑफिसात नव्याने लागलेल्यांसाठी आहे. उदाहरण २०२६ च्या गणपतीचे घेतले आहे, कारण जोडून सुट्टीची सगळ्यात मोठी झुंबड तेव्हाच उडते आणि त्यात शिकण्यासारखे सगळे येते. सरकारी नोकरीचे नियम वेगळे असतात. त्यांच्याबद्दल शेवटच्या भागात थोडे आहे.

आधी हे हाताशी ठेवा

- कंपनीची या वर्षीची सुट्ट्यांची यादी, तुमच्या शहराच्या ऑफिसची
- रजेचे धोरण (लीव्ह पॉलिसी), शक्यतो पूर्ण कागद. सहकाऱ्याने सांगितलेला सारांश नको
- रजेच्या खात्यावरची आजची शिल्लक, प्रकारानुसार
- ऑफर लेटर, प्रोबेशन चालू असेल तर त्यातली रजेची अट
- टीममधले आणखी कोण त्याच आठवड्यात जाणार आहे याची माहिती

१. यादी कंपनीची बघा, भिंतीवरच्या कॅलेंडरची नको

कॅलेंडरमध्ये लाल रंगात छापलेली प्रत्येक तारीख तुमची सुट्टी नसते. राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करते, पण ती यादी खासगी कंपनीला जशीच्या तशी लागू होत नाही. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या देतो. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या, हे कंपनी आणि कामगार यांच्यात ठरते. त्यामुळे एका कंपनीत गुढीपाडव्याला सुट्टी असते आणि शेजारच्या इमारतीत त्या दिवशी काम चालू असते.

गणेश चतुर्थी बहुतेक यादीत असते, पण ‘असणारच’ असे धरून चालू नका. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या काही टीमना तिकडच्या सुट्ट्या असतात, इकडच्या नसतात. काही कंपन्या अशा दिवसांना ऐच्छिक सुट्टी म्हणतात : आठ-दहा दिवसांतून दोन-तीन तुम्ही निवडायचे आणि तेही पोर्टलवर वेळेत नोंदवायचे. नोंदवले नाहीत, तर तो दिवस कामाचाच धरतात.

आणखी एक गोष्ट पाच मिनिटांत तपासून होते. पोर्टलमध्ये स्वतःच्या नावावर गेल्यावर तुमचे ‘लोकेशन’ कोणते दिसते? मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असेल तर नव्या माणसाच्या नावावर चुकून तिकडचे सुट्ट्यांचे कॅलेंडर लागलेले असते. मग पुण्यात बसून तुम्हाला हैदराबादच्या सुट्ट्या दिसतात. हे आधीच एचआरला सांगून दुरुस्त करून घ्या. रजा मंजूर झाल्यावर दुरुस्त करायचे म्हटले तर आधी ती रजा रद्द करावी लागते आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

२. खात्यावर कोणती रजा आहे ते बघा

एकूण शिल्लक बारा दिसते म्हणून बाराही वापरता येतील असे नाही. सीएल म्हणजे किरकोळ रजा, पीएल किंवा ईएल म्हणजे कमावलेली रजा आणि एसएल म्हणजे आजारपणाची रजा. वर उल्लेख केलेल्या कायद्यात वर्षाला आठ सीएल आहेत. त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये आठच्या आठ खात्यावर असतीलच असे नाही. वर्ष संपले की उरलेल्या सीएल बुडतात. कमावलेली रजा मात्र ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

यावरून वाटते की बुडणारी सीएल आधी वापरावी आणि पीएल राखून ठेवावी. हिशेब बरोबर आहे, पण लांब सुट्टीला तो बहुधा चालत नाही. बऱ्याच कंपन्या सलग दोन किंवा तीनपेक्षा जास्त सीएल देत नाहीत आणि सीएलला पीएल जोडू देत नाहीत. दोन सीएल आणि दोन पीएल असा चार दिवसांचा अर्ज टाकला, तर पोर्टल तो नाकारते किंवा चारही दिवस पीएलमध्ये ढकलते. म्हणून चार दिवसांच्या सुट्टीसाठी सरळ पीएल वापरा आणि सीएल एक-दोन दिवसांच्या कामांना ठेवा.

आजारपणाची रजा लांब सुट्टीच्या शेपटीला जोडायच्या भानगडीत पडू नका. सुट्टीला लागून आलेली एसएल एचआरच्या यादीत वेगळी उठून दिसते, तिला डॉक्टरचे प्रमाणपत्र मागतात, आणि पुढे खरोखर ताप आला तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

३. सँडविचचा नियम नीट समजून घ्या

सुट्टीच्या दोन्ही बाजूंना रजा असेल तर मधली सुट्टीसुद्धा रजेत मोजायची, हा सँडविचचा नियम. सगळ्या कंपन्यांत तो नसतो, आणि जिथे असतो तिथे सगळीकडे सारखा नसतो. धोरणाच्या कागदात ‘सँडविच’ हा शब्द सापडेलच असे नाही. तिथे साधारण असे वाक्य असते : ‘रजेच्या कालावधीत येणाऱ्या साप्ताहिक व सार्वजनिक सुट्ट्या रजा म्हणून गणल्या जातील.’ हे वाक्य दिसले की तुमच्याकडे सँडविच आहे असे समजा.

त्याचे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात दोन्ही बाजूंना रजा असली तरच मधले दिवस कापतात. हा सगळ्यात जास्त चालणारा प्रकार आहे. दुसऱ्यात फक्त बिनपगारी किंवा न कळवता मारलेल्या दांडीला नियम लागतो, मंजूर रजेला नाही. तिसरा कडक आहे : सुट्टीच्या कोणत्याही एका बाजूला रजा असली तरी सुट्टी कापतात. तिसरा प्रकार क्वचित दिसतो. तो तुमच्याकडे असेल तर पुढचा हिशेब बदलेल, म्हणून आधी विचारून घ्या. काही ठिकाणी नियम पीएलला लागतो आणि सीएलला लागत नाही, तेही त्याच वेळी विचारा.

कारखान्यातल्या कामगारांची गोष्ट निराळी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासूनच त्यांच्या पगारी वार्षिक रजेत मधल्या किंवा टोकाच्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत असे कायद्यात लिहिलेले आहे. ऑफिसातल्या माणसाने तो नियम एचआरपुढे नाचवण्यात अर्थ नाही. तुम्हाला लागू पडतो तो तुमच्या धोरणाचा कागद.

एचआरला विचारताना प्रश्न मोघम नको. ‘आपल्याकडे सँडविच आहे का?’ असे विचारले तर ‘पॉलिसी बघा’ असे उत्तर येते. तारखा देऊन विचारा :

> नमस्कार मॅडम,
> सोमवार, १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थीची सुट्टी आहे. मी मंगळवार १५ ते शुक्रवार १८ सप्टेंबर अशी चार दिवस पीएल घेऊन सोमवार, २१ ला कामावर आलो, तर खात्यातून चारच दिवस वजा होतील ना? आधीचे शनिवार-रविवार-सोमवार आणि नंतरचे शनिवार-रविवार रजेत मोजले जातील का, एवढे कृपया कळवावे.

याचे उत्तर ‘हो, चारच’ किंवा ‘नाही, इतके’ असेच येऊ शकते. ते मेलवर घ्या. चहाच्या टपरीवर मिळालेले उत्तर पगाराच्या वेळी दाखवता येत नाही.

४. रजा कोणत्या बाजूला टाकायची ते ठरवा

आता उदाहरण. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. १२ शनिवार, १३ रविवार. म्हणजे काही न करताच तीन दिवस मिळतात. समजा, पुण्याच्या एका कंपनीत लागलेली मुलगी कोकणातल्या घरी जाणार आहे आणि तिच्याकडे सँडविचचा पहिला प्रकार आहे, दोन्ही बाजूंचा.

तिला आधी वाटते, शुक्रवारी सकाळीच निघावे म्हणजे गर्दी लागणार नाही, आणि मंगळवारी परतावे. म्हणून ती शुक्रवार ११ आणि मंगळवार १५ अशा दोन रजा टाकते. दिवस मिळाले पाच : शुक्रवार ते मंगळवार. पण शनिवार, रविवार आणि सोमवार हे तिन्ही दोन रजांच्या मध्ये अडकले. खात्यातून गेल्या पाच रजा. शिल्लक फक्त दोनच असती तर उरलेले तीन दिवस बिनपगारी झाले असते. महिन्याचा पगार ३६,००० आणि भागाकार तीसने करत असतील तर ३,६०० रुपये गेले.

हेच पाच दिवस दुसऱ्या तऱ्हेने बघा. शुक्रवारी काम करून रात्री निघायचे आणि रजा टाकायची मंगळवार १५ आणि बुधवार १६ ची. शनिवार ते बुधवार, दिवस पाचच, आणि रजा गेल्या दोन. दोन्ही रजा सुट्टीच्या एकाच बाजूला आल्या म्हणून मधे काही अडकलेच नाही. बदलला फक्त एक दिवस, निघायचा.

आणि घरी गौरी असतील तर? या वर्षी गौरी गुरुवारी १७ ला येतात, शुक्रवारी १८ ला पूजन आणि शनिवारी १९ ला गणपतीबरोबर विसर्जन. मंगळवार ते शुक्रवार चार रजा टाकल्या की शनिवार १२ पासून रविवार २० पर्यंत सलग नऊ दिवस होतात, आणि विसर्जन करूनच निघता येते. चार रजांत नऊ दिवस. या सणाला यापेक्षा चांगला सौदा नाही. मला विचाराल तर गौरी असलेल्या घरातल्या माणसाने दोन-दोन दिवसांच्या तुकड्यांत रजा न उधळता इथे एकदाच खर्चावी.

या नऊ दिवसांना दोन टोके आहेत आणि दोन्ही नाजूक आहेत.

पहिले टोक शुक्रवार ११. त्या दिवशी तुम्ही कामावर हजर असल्याची नोंद हवी. संध्याकाळी गाडी पकडायच्या घाईत बाहेर पडतानाचा पंच राहिला, किंवा घरून काम केले आणि पोर्टलवर हजेरी टाकायची राहिली, तर यंत्रणा तो दिवस गैरहजर धरते. मग एका बाजूला गैरहजेरी, दुसऱ्या बाजूला मंगळवारची रजा, आणि मधले तीन दिवस सँडविच. शुक्रवारी दुपारनंतरचा हाफ डे टाकण्याआधीही विचारा, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या सत्राची अर्धी रजासुद्धा ‘सुट्टीला लागून रजा’ धरली जाते आणि नियम लागतो. त्यापेक्षा शुक्रवारी लवकर येऊन लवकर निघायची परवानगी मागणे किंवा त्या दिवशी घरून काम करणे सोपे.

दुसरे टोक सोमवार २१. विसर्जन झाल्यावर सगळी मुंबई-पुणे एकदम परत निघते. रविवारी रात्री महामार्गावर अडकून सोमवारी पोचलाच नाहीत, तर मंगळवार-शुक्रवारच्या रजा एका बाजूला, सोमवारची गैरहजेरी दुसऱ्या बाजूला आणि मधे शनिवार-रविवार. चारच्या सात रजा होतात. म्हणजे तो एक सोमवार तीन रजांना पडतो. म्हणून परतीचे तिकीट रविवार सकाळचे काढा, रात्रीचे नको. ते शक्यच नसेल तर सोमवारी घरून काम करण्याची परवानगी आधीच मागून ठेवा. घरून केलेला दिवस कामाचा दिवसच असतो, त्याने सँडविच होत नाही.

५. तिकिटाची तारीख आधी, मग अर्जाची

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते, प्रवासाचा दिवस सोडून. शुक्रवार, ११ सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण सोमवार, १३ जुलैला सकाळी उघडेल. रविवार, २० सप्टेंबरच्या परतीचे बुधवार, २२ जुलैला. कोकणच्या गाड्या गणपतीत किती वेळात भरतात हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. रात्री बारानंतर सुटणारी गाडी असेल तर तिची तारीख शनिवारची धरली जाते, तेवढे बघा.

यावरून उलटे मोजत या. तिकीट १३ जुलैला काढायचे, तर त्याआधी मॅनेजरचा होकार हवा. होकाराला आठवडा-दहा दिवस द्या. म्हणजे पहिला विषय जूनच्या शेवटी काढायचा आणि अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाकायचा. काही पोर्टल साठ दिवसांपेक्षा आधीचा अर्ज घेत नाहीत. तसे असेल तर मेलवर होकार घ्या आणि पोर्टल उघडले की त्याच मेलचा हवाला देऊन अर्ज टाका.

तिकीट आधी काढून मग रजा मागणे हा हमखास वाद ओढवून घ्यायचा मार्ग आहे. ‘तिकीट काढून झालंय’ या वाक्याचा अर्थ समोरचा ‘तुम्ही विचारत नाही, कळवताय’ असाच घेतो. काढलेच असेल तर ते अर्जात लिहू नका.

६. टीममध्ये आधी बोला

गणपतीत फक्त तुम्हीच गावी जाणार नसता. अर्ज टाकायच्या आधी टीममधल्या दोघा-तिघांना विचारा : कोणाच्या घरी दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाच्या गौरी. बऱ्याचदा सोय आपोआप होते. दीड दिवसाचा गणपती असलेला माणूस बुधवारपासून कामावर असतो, आणि ज्याला दिवाळीला लांब जायचे असते तो गणपतीत थांबायला तयार असतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आणि पाडवा मंगळवारी, १० ला आहे. त्यामुळे मधल्या सोमवारवर बऱ्याच जणांचा डोळा असणार. ‘गणपतीत मी, दिवाळीत तू’ हे दोघांनी आधीच ठरवून मॅनेजरपुढे गेलात तर त्याला न्याय करत बसावे लागत नाही.

७. अर्ज कसा लिहावा

अर्जात पाच गोष्टी याव्यात : रजेचे दिवस वारासकट, एकूण किती रजा, परत कामावर कधी, तुमचे काम कोण बघेल, आणि कधीपर्यंत उत्तर हवे. कारण एका ओळीत पुरते.

सगळ्यात मोठी चूक ही :

> सर, मला १२ ते २० सप्टेंबर गावी जाण्यासाठी नऊ दिवस रजा हवी आहे.

तुम्ही स्वतःच नऊ दिवस रजा मागितली. शनिवार, रविवार आणि चतुर्थी हे दिवस तुमचेच असून ते तुम्ही अर्जात टाकले. मॅनेजरला आकडा मोठा दिसतो आणि तो ‘इतके दिवस?’ म्हणून थबकतो. एचआरमध्ये कोणी तारखा जशाच्या तशा भरल्या तर खात्यातून नऊ जातात.

दुसरी चूक ‘पर्यंत’ची. ‘१८ पर्यंत रजेवर आहे’ म्हटले की १८ ला येणार की नाही यावर दोघांचे दोन अर्थ होतात. म्हणून परत येण्याचा दिवस वेगळा लिहायचाच.

हाच अर्ज असा लिहा :

> विषय : पीएलसाठी विनंती, १५ ते १८ सप्टेंबर २०२६ (चार दिवस)
>
> नमस्कार सर,
> घरच्या गणपती-गौरीसाठी गावी जायचे आहे. त्यासाठी मंगळवार १५ ते शुक्रवार १८ सप्टेंबर, दोन्ही दिवस धरून, चार दिवस पीएल मिळावी ही विनंती. सोमवार १४ ची चतुर्थीची सुट्टी आणि दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून मी शुक्रवार ११ ला काम संपवून निघेन आणि सोमवार २१ ला सकाळी कामावर हजर असेन.
> महिन्याचा मधला अहवाल मी १० तारखेला पूर्ण करून देईन. १५ ते १८ या काळात रोजच्या तक्रारींचे काम बघायला टीममधला सहकारी तयार आहे. त्याच्याशी बोलणे झाले आहे आणि तो त्या आठवड्यात रजेवर नाही.
> गाडीचे आरक्षण १३ जुलैला उघडते, म्हणून १० जुलैपर्यंत कळवल्यास बरे होईल. तारखांत बदल हवा असल्यास सांगावे, त्याप्रमाणे बघेन.

नऊ दिवसांची गोष्ट इथे लपवलेली नाही. तुम्ही ११ ला निघताय आणि २१ ला येताय हे स्पष्ट आहे. फक्त रजा म्हणून मागितले ते चार. लपवून ठेवलेली लांब सुट्टी दुसऱ्या दिवशीच उघडी पडते, कारण कोणीतरी फोन करतो आणि मागे आरती चालू असते.

अर्ज इंग्रजीत लिहायचा असेल तरी क्रम हाच ठेवा. सहकाऱ्याचे नाव घालताना त्याला आधी विचारा आणि मेल पाठवताना त्यालाही एक प्रत ठेवा. न विचारता नाव घातले तर तो मॅनेजरसमोर ‘मला काही माहीत नाही’ म्हणेल, आणि रजेपेक्षा त्याचीच चर्चा जास्त होईल.

कारण खरे द्या. आजीला पुन्हा आजारी पाडायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या ऑफिसात ‘घरी गणपती असतो’ हे कारण पुरते, आणि पुढच्या वर्षीही तेच देता येते.

८. पोर्टलवर अर्ज भरताना

‘पासून’ला १५ आणि ‘पर्यंत’ला १८ भरा. १२ ते २० भरू नका. तारखा भरल्यावर पोर्टल दिवसांचा आकडा दाखवते. तो ४ दिसला पाहिजे. कमी-जास्त दिसत असेल तर सबमिट दाबू नका : एक तर तुमच्या नावावर चुकीचे सुट्ट्यांचे कॅलेंडर आहे, नाहीतर सँडविचचा नियम तुम्हाला सांगितला त्यापेक्षा कडक आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून एचआरला पाठवा.

मंजुरी आल्यावर ‘मंजूर’ असे दिसते का ते उघडून बघा. मॅनेजरने तोंडी हो म्हटले आणि पोर्टलवर अर्ज तसाच पडून राहिला, असे नेहमी होते. महिन्याचा हिशेब बंद झाला की असा पडून राहिलेला अर्ज गैरहजेरी होतो.

९. उत्तर आले नाही, किंवा ‘नाही’ असे आले

ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी एकच आठवण द्या : ‘सर, १५ ते १८ सप्टेंबरच्या रजेबद्दल विचारले होते. सोमवारी आरक्षण उघडते आहे, तेवढे बघाल का?’ रोज विचारू नका. समोरासमोर विचारता येत असेल तर तेच बरे.

नकार आला तर कोणत्या दिवसांना अडचण आहे ते विचारा. बहुधा चारही दिवसांना नसते. गुरुवारी ग्राहकाची बैठक असते, किंवा बुधवारी कोणीच नसते. तेव्हा पर्याय तुम्हीच द्या :

> बुधवारी अडचण असेल तर मी मंगळवार १५ आणि बुधवार १६ गावाहून काम करेन आणि गुरुवार १७, शुक्रवार १८ अशा दोनच रजा घेईन. नेटची सोय आहे.

हा पर्याय वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. मुक्काम नऊच दिवस राहतो आणि रजा दोन वाचतात. फक्त नेटची सोय खरोखर असू द्या. चतुर्थीच्या आठवड्यात गावात सगळे चाकरमानी आले की मोबाइलचे नेटवर्क रांगते, आणि पाऊस असेल तर वीज जाते. आदल्या वेळी गेलात तेव्हा व्हिडिओ कॉल चालला होता का, हे आठवून मगच शब्द द्या.

मंजूर झालेली रजा आयत्या वेळी रद्द करा असे सांगितले, तर मेलवरच उत्तर द्या आणि तिकिटाचे पैसे, बदली दिवस यांबद्दल त्यातच विचारा. वाद घालू नका, नोंद ठेवा.

१०. सरकारी नोकरीत असाल तर

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना किरकोळ रजेच्या मध्ये येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजत नाहीत, पण अर्जित रजेच्या मध्ये आलेल्या मोजतात. सुट्टी अर्जित रजेच्या आधी किंवा नंतर आली तर ती जोडून घेता येते. त्यासाठी अर्जातच ‘प्रीफिक्स’ आणि ‘सफिक्स’ अशा रकान्यांत तारखा भरायच्या असतात. आपल्या उदाहरणात १२, १३ आणि १४ प्रीफिक्सला, १५ ते १८ रजेला, १९ आणि २० सफिक्सला. हे रकाने कोरे सोडले तर मुख्यालय सोडायची परवानगी नेमकी कोणत्या दिवसापासून, यावरून प्रश्न उभा राहतो. किरकोळ आणि अर्जित रजा एकमेकींना जोडता येत नाहीत, हे इथेही आहेच. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या आस्थापना शाखेत तोच तारखांचा प्रश्न विचारावा.

११. निघण्याआधी आणि आल्यावर

शुक्रवारी बाहेर पडताना पंच झाला का ते बघा आणि मेलवर आपोआप जाणारे उत्तर लावा : कधी परत येणार आणि तोवर कोणाला विचारायचे, एवढेच. त्यात ‘मोबाइलवर उपलब्ध आहे’ असे सवयीने लिहू नका. लिहिलेत तर फोन येणारच.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी रजेचे खाते उघडा. चारच वजा झाल्या का, ११ आणि २१ तारखेला हजेरी दिसते का, हे बघा. चूक असेल तर महिन्याचा हजेरीचा हिशेब बंद व्हायच्या आत कळवा. बऱ्याच ठिकाणी तो २० ते २५ तारखेदरम्यान बंद होतो, म्हणजे तुमच्या हातात सोमवारपासून जेमतेम चार दिवस असतात. कळवताना एचआरचे ‘हो, चारच’ हे उत्तर खाली जोडा.